ड्रॉप घ्यायचा की नाही? आधी चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करा

जूनचा दुसरा आठवडा. नागपुरात पाऊस येतो येतो म्हणतो आणि येत नाही, कूलर अजून चालूच असतो. याच दिवसांत माझा फोन सगळ्यात जास्त वाजतो. मी रिपीटर बॅचला फिजिक्स शिकवतो. फोनवरचा प्रश्न दरवर्षी एकच असतो: "सर, पोरीला इतके इतके मार्क पडले. ड्रॉप घ्यायचा का?"

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. माझं पोट रिपीटर बॅचवर चालतं. त्यामुळे मी "घ्या" म्हणालो तर ते जरा जपूनच ऐकावं.

बारावीनंतरचा गॅप म्हटलं की परदेशातल्या पोरांची भटकंती, स्वयंसेवा, छंद वगैरे डोळ्यांसमोर येतं. आपल्याकडे बर्डीपासून मेडिकल चौकापर्यंत कुणालाही विचारा, गॅप म्हणजे ड्रॉप आणि ड्रॉप म्हणजे नीट किंवा जेईई परत देणं. मी बोलणार आहे ते नीटच्या ड्रॉपबद्दल, कारण तोच रोज पाहतो.

नीटला किती वेळा बसायचं यावर बंधन नाही. वरची वयोमर्यादाही 2022 मध्ये काढून टाकली. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 पूर्ण असली की झालं. ऐकायला ही सोय वाटते, पण खरी अडचण इथूनच सुरू होते. जेईई ॲडव्हान्स्डला सलग दोन वर्षांत दोनच संधी मिळतात, म्हणून तिथे ड्रॉपचं वर्ष आपोआप शेवटचं ठरतं. नीटला असं दार बंद होत नाही. "अजून एकदा" कधीही म्हणता येतं, आणि तिसऱ्या, चौथ्या खेपेची मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात.

आता माझ्या भाचीची गोष्ट. ताई भंडाऱ्याला राहते. भाचीने मे 2024 मध्ये पहिल्यांदा नीट दिली आणि तिला 720 पैकी 445 पडले. ताई फोनवर म्हणाली, "अर्ध्याच्या वर आहेत, म्हणजे थोडंसंच राहिलं ना रे?" भाऊजींनी तोवर इथल्या एका क्लासची फी विचारून ठेवली होती. फी, खोली आणि मेस धरून वर्षाचा खर्च दोन लाखांच्या वर जात होता.

मी म्हणालो, आठ दिवस पैसे भरू नका. पोरीला आणि तिच्या ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन या.

निकालाच्या आधी परीक्षा घेणारी एनटीए प्रत्येकाची ओएमआर आणि उत्तरसूची संकेतस्थळावर टाकते. बहुतेक मुलं त्यावरून एकूण मार्क मोजतात आणि खिडकी बंद करतात. खरं काम त्याच्यापुढे असतं. भाचीचा हिशोब असा निघाला: सोडवायच्या 180 प्रश्नांपैकी 121 बरोबर, 39 चूक, 20 कोरे. बरोबर उत्तराला 4, चुकीला वजा 1. म्हणजे 484 वजा 39, बरोबर 445. विषयवार पाहिलं तर जीवशास्त्रात 360 पैकी 274, रसायनशास्त्रात 180 पैकी 105 आणि फिजिक्समध्ये 180 पैकी 66. मामा फिजिक्सचा मास्तर आणि भाचीचे 66! ती खाली मान घालून हसली. मीही हसलो.

मग आम्ही एका दोनशेपानी वहीत त्या 39 चुकांचे तीन ढीग केले. घाई नको, एकेक प्रश्न परत वाचायचा आणि खरं सांगायचं.

पहिला ढीग: येत होतं, तरी चुकलं. एकक बदलायचं राहिलं, "खालीलपैकी कोणते नाही" मधला "नाही" वाचलाच नाही, ओएमआरवर शेजारचा गोळा भरला. असे 11 निघाले. दुसरा ढीग: दोन पर्यायांत अडकले आणि चुकीचा निवडला. धडा वाचलेला, पण पक्का नव्हता. असे 16. तिसरा ढीग: काहीच माहीत नव्हतं, तुक्का मारला. असे 12. कोऱ्या 20 प्रश्नांचेही असेच दोन भाग पडले. 7 प्रश्नांपर्यंत ती वेळेत पोचलीच नव्हती, आणि 13 बघूनच सोडले होते.

या ढिगांचं मोल वेगवेगळं आहे. चुकलेला प्रश्न बरोबर आला की 5 मार्क वाढतात, कारण गेलेला 1 परत येतो आणि वर 4 मिळतात. तुक्का नुसता कोरा सोडला तरी 1 वाचतो. तेव्हा पहिल्या ढिगातले निम्मे, म्हणजे 6, सुधारले तर 30. तिसऱ्या ढिगातले 12 तुक्के मारलेच नाहीत तर 12. वेळेअभावी राहिलेल्या सातांपैकी 4 झाले तर 16. एकही नवा धडा न शिकता 58 मार्क, म्हणजे 445 चे 503. हे नुसत्या सरावाचं, पेपर देण्याच्या शिस्तीचं काम आहे. दुसऱ्या ढिगासाठी मात्र खरोखर अभ्यास लागतो. सोळातले दहा पक्के झाले तर आणखी 50, म्हणजे 553. सोडून दिलेले 13 म्हणजे ती न शिकलेली प्रकरणं. एका वर्षात त्यातली निम्मी भरून निघाली तर खूप.

म्हणजे कागदावर तिची झेप 500 ते 550 पर्यंत दिसत होती. "650 आणून दाखवते" हे वाक्य त्या वहीतून कुठूनच निघत नव्हतं.

सगळ्यांचे ढीग असे नसतात. मागच्याच आठवड्यात एका मुलाची वही पाहिली. मार्क जवळपास तेवढेच, पण पहिल्या ढिगात फक्त तीन प्रश्न, आणि सगळं वजन दुसऱ्या-तिसऱ्या ढिगात. दोन वर्षं नावाजलेला क्लास, सगळ्या टेस्ट दिलेल्या, रोजचा बारा तास अभ्यास. त्याने जमेल तेवढं पिळून काढलेलं होतं. अशा मुलाला तिसरं वर्ष बहुतेक तेच मार्क परत देतं. उलट ज्याची अकरावी नुसती मजेत गेली, बारावीचे शेवटचे चार महिने धावपळीत गेले, त्याच्याकडे वाढायला जागा असते. ड्रॉपचा फायदा कुणाला होईल हे मेहनत करायची तयारी किती आहे यापेक्षा आधी किती मेहनत झाली आहे यावरून जास्त कळतं. पालकांना हे उलटं वाटतं, म्हणून जास्त राबलेल्या पोरालाच ते पुन्हा बसवतात.

दुसरी भानगड मार्कांची आहे. मार्क दरवर्षी एकाच भावाने विकले जात नाहीत. 2024 मध्ये पेपर सोपा होता, वर पेपरफुटीचा गोंधळ. जूनच्या निकालात 720 पैकी 720 घेणारे 67 निघाले, जुलैच्या सुधारित निकालात ते 17 राहिले. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, फिजिक्स इतकं अवघड आलं की देशात पहिल्या आलेल्याला 686 होते आणि 651 ते 686 या पट्ट्यात सगळ्या देशातून फक्त 73 जण होते. म्हणून "मागच्या वर्षी अमक्याला 600 ला सरकारी मिळालं" या वाक्याला काही अर्थ नसतो. बघायचा तो क्रमांक. महाराष्ट्रात 85 टक्के सरकारी जागा राज्याच्या कोट्यातून सीईटी सेल भरते. त्यांच्या यादीत राज्य गुणवत्ता क्रमांक असतो, आणि प्रत्येक फेरीत आपल्या प्रवर्गातून शेवटचा कोणता क्रमांक कुठल्या कॉलेजात लागला हेही छापलेलं असतं. आपला क्रमांक त्या शेवटच्या क्रमांकापासून किती लांब आहे ते मोजायचं. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी कॉलेजांना काय लागलं हे बघून मन खट्टू करून घेऊ नये, कारण ती दोन्ही आधीच्या फेऱ्यांत भरतात. राज्यातलं सगळ्यात शेवटी भरलेलं सरकारी कॉलेज बघावं.

यातच क्लासवाल्यांचा एक डाव असतो, माझ्यासकट. रिपीटर बॅच जूनमध्ये सुरू होतात आणि "अमुक तारखेच्या आत प्रवेश घेतला तर फीत सवलत" अशी घाई असते. प्रवेशाच्या फेऱ्या मात्र त्यानंतर कितीतरी आठवडे चालतात. म्हणजे हातातल्या जागा कुठवर सरकतात हे कळायच्या आधीच घरं ड्रॉप ठरवून बसतात. म्हणून क्लास लावा किंवा नका लावू, फेऱ्यांची नोंदणी जरूर करा आणि पसंतीक्रम भरा. भाचीचंही आम्ही केलं. तिचा क्रमांक देशात काही लाखांत होता, सरकारी जागेच्या आसपासही नाही. पण ते यादीत डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा ताईचं "थोडंसंच राहिलं" बंद झालं.

मधला मार्ग बरेच जण सुचवतात, त्याला पार्शियल ड्रॉप म्हणतात. बीएस्सीला नाव घालायचं आणि बाजूने नीटचा अभ्यास करायचा. ज्यांच्या पहिल्या ढिगात बराच माल आहे, त्यांना हे जमतं. ज्यांना फिजिक्स मुळापासून शिकायचं आहे, त्यांना प्रॅक्टिकल, हजेरी आणि सत्र परीक्षा यांत ते जमत नाही. इथे एक खड्डा आहे. कॉलेजात मूळ गुणपत्रिका आणि टीसी जमा होते. पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी ती सोडवून आणायला धावपळ होते, आणि मुदत उलटल्यावर प्रवेश रद्द केला तर फी बुडते. जागा घेण्याआधी त्या वर्षाच्या माहितीपत्रकातली प्रवेश रद्द करण्याची तारीख वाचा. मेडिकल किंवा डेंटलची जागा घेऊन सोडायचा विचार असेल तर नियम आणखी कडक आहेत.

फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाकडे सगळे दुर्लक्ष करतात, त्याबद्दल दोन ओळी. एमबीबीएसला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. एनआयटीला जायचं असेल तर बारावीत 75 टक्के, एससी-एसटीला 65 टक्के, किंवा बोर्डातल्या पहिल्या 20 टक्क्यांत असावं लागतं. कमी पडत असतील तर ड्रॉपच्या वर्षी श्रेणीसुधारचा फॉर्म भरता येतो. मात्र बारावी परत द्यायची म्हणून बाहेरच्या राज्यातल्या बोर्डाच्या नादी लागू नका. राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल हा साधारण नियम आहे.

आता वर्ष कसं जातं ते. भाची जुलै 2024 मध्ये नंदनवनला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहिली. दुपारी क्लास, रात्री अकरापर्यंत अभ्यासिका. पहिले दोन महिने जोरात गेले आणि त्यातच घोटाळा होता. मला वही दाखवायला आली, तर सगळा जोर जीवशास्त्रावर. जीवशास्त्र येतं म्हणून वाचायला बरं वाटतं, रोज मनाला समाधान मिळतं. फिजिक्सच्या तीन प्रकरणांना हातही लावला नव्हता. ड्रॉपची मुलं पुन्हापुन्हा हीच चूक करतात, येतं तेच परत करतात. ही चूक मार्कांवरून दिसत नाही, कारण सुरुवातीला मार्क वाढतातच. दिसते ती ढिगांतून. म्हणून प्रत्येक मोठ्या टेस्टनंतर तेच तीन ढीग करायला लावले. सप्टेंबरपर्यंत पहिला ढीग निम्म्यावर आला पाहिजे. दुसरा ढीग डिसेंबरपर्यंत आटला नाही, तर अभ्यास चाललाय पण चुकीच्या जागी, असं समजायचं.

तिचे सराव परीक्षेचे मार्क ऑक्टोबरात 478, डिसेंबरात 521, मार्चमध्ये 560 होते. ओळीत वाचले तर छान वाटतं. मधला नोव्हेंबर मात्र छान नव्हता. दिवाळीला घरी गेली तर बारावीच्या मैत्रिणी कॉलेजच्या आयडीसह फोटो टाकत होत्या, आणि शेजारच्या काकू विचारत होत्या, "काय करून राहिली गं आता?" परत आली ती दहा दिवस अभ्यासिकेत गेलीच नाही. ताईला वाटलं ताप आहे. रात्री तीनपर्यंत जागी, सकाळी अकराला उठणं, मेसचा डबा तसाच परत. आळसात आणि यात फरक करायला एक खूण मी वापरतो. आळशी पोरगं टेस्ट बुडवतं, पण क्रिकेट सोडत नाही. खचलेलं पोरगं दोन्ही सोडतं. असं दिसलं की अभ्यासाचं वेळापत्रक नंतर, आधी माणूस. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. भाचीला ताईने पंधरा दिवस येऊन सोबत केली, तेवढ्यावर भागलं. सगळ्यांचं भागत नाही.

मग जानेवारी 2025 मध्ये परीक्षेची चौकटच बदलली. आधी प्रत्येक विभागात निवडीला काही जादा प्रश्न असायचे आणि 200 मिनिटं असायची. आता 180 च्या 180 प्रश्न सक्तीचे आणि वेळ 180 मिनिटं. वेळेअभावी सात प्रश्न सोडणाऱ्या मुलीची 20 मिनिटं गेली. ड्रॉपचा हा धोका कुणी मोजत नाही. तुम्ही ज्या परीक्षेची तयारी करता, ती वर्षभरात बदलू शकते, आणि त्यावर कुणाचंच काही चालत नाही.

4 मे 2025. पेपर देऊन आली ती बाहेरच रडायला लागली. फिजिक्स बघून अनेकांची तीच गत होती. तिला 481 मिळाले. मार्चच्या 560 पुढे 481! भाऊजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी परत वही काढली. बरोबर 126, चूक 23, कोरे 31. फिजिक्स 66 वरून 70, रसायन 105 वरून 113, जीवशास्त्र 274 वरून 298. चुका 39 वरून 23 वर आल्या होत्या, म्हणजे जे येत नव्हतं ते तिने निमूटपणे सोडलं होतं. वर्षभर हेच शिकलो होतो. मग क्रमांक आला. 2024 ला 445 वर काही लाखांत असलेली मुलगी 481 वर लाखाच्या आत आली. फक्त 36 मार्क जास्त, पण पेपर सगळ्यांनाच अवघड गेला होता.

तरीही सरकारी एमबीबीएस नाही मिळालं, थोडक्यात हुकलं. सरकारी डेंटलला जागा मिळाली. घरात चार दिवस "आणखी एक वर्ष" चाललं. मी विचारलं, आता पहिल्या ढिगात किती प्रश्न आहेत? चार होते. तिने बीडीएसला प्रवेश घेतला.

दोन लाख रुपये आणि एक वर्ष यात वसूल झालं का? ताईचं आणि माझं यावर अजून एकमत नाही. ती म्हणते, पोरगी एमबीबीएसच झाली असती तर गोष्ट वेगळी होती. मला वाटतं, खासगी कॉलेजची फी आणि सरकारी डेंटलची फी शेजारी ठेवली तर वर्ष स्वस्तात गेलं. पण ती तिची आई आहे, मी मामा.

बाकी ज्यांना एनडीए डोक्यात आहे, त्यांनी ड्रॉप घेताना जन्मतारीख आधी बघावी. तिथे वय साडेसोळा ते साडेएकोणीस एवढंच चालतं, आणि एक गेलेलं वर्ष म्हणजे एक-दोन संधी गेल्या. इंजिनीअरिंगनंतर आयटीत जाणाऱ्यांना कॅम्पसला शिक्षणातल्या गॅपबद्दल विचारतात. एका वर्षाची अडचण सहसा होत नाही, तीन वर्षांची होते. डॉक्टरकीत तो प्रश्न फारसा येत नाही. आणि ज्यांना कुठली परीक्षाच नकोय, पण काय करायचं हे कळत नाही, त्यांनी सहा महिने कुठेतरी खरं काम करून बघावं, मामाच्या दुकानात का होईना. माझा एक विद्यार्थी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने गोळा करायचं काम करता करता समजून गेला की आपल्याला रक्त बघवत नाही. सहा महिन्यांत आणि बिनखर्चात कळलं.

कागदांचं तेवढं सांभाळा. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, ड्रॉपच्या वर्षात ते निवांत होतं. नॉन क्रिमीलेयर आणि ईडब्ल्यूएसच्या तारखा तपासा, जुना कागद पुढच्या प्रवेशाला चालेलच असं नाही. आणि गॅप सर्टिफिकेट. ते म्हणजे साधं प्रतिज्ञापत्र असतं, या काळात मी दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, एवढंच त्यात लिहायचं. भाचीबरोबर मीच गेलो होतो ते करायला. मी मनात मजकूर जुळवत होतो, गॅपचं कारण नीट मांडावं म्हणून. टेबलामागच्या बाईंनी नाव आणि वर्ष विचारलं आणि मशीनमधून कागद काढला. "कारण लिहायचं ना?" मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "नीटच ना भाऊ? मॅटर तयारच आहे. सकाळपासनं तुम्ही नववे."